पाणी भरलं, दिवा हिरवा, तरी पंखे सव्वा तासात बंद. तिसऱ्या सेलचं काय?

सुदामानगरवासी (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, इंदूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच घरी इन्व्हर्टर राबतोय, म्हणून इथेच विचारतो.

बॅटरी १५० एएच टॉल ट्युब्युलर, १२ व्होल्ट, वय साडेतीन वर्षं. इन्व्हर्टर ९०० व्हीएचा. लोड तीन पंखे आणि चार एलईडी ट्यूब. सुरुवातीला एवढ्या लोडवर साडेतीन तास निघायचे. आता सव्वा तासात लो बॅटरीची पिपाणी वाजते.

आज सहाही सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरलं. याआधी सात महिन्यांपूर्वी भरलं होतं. पाच सेलना प्रत्येकी साधारण ४०० मिली लागलं, तिसऱ्याला मात्र जवळजवळ ७५०. आता सगळे तरंगणारे लाल निर्देशक वर आहेत आणि इन्व्हर्टरचा चार्जिंगचा दिवा हिरवा आहे. पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशीसारखी पूड जमली आहे, ती अजून काढलेली नाही.

प्रश्न तीन. पाणी किती दिवसांनी आणि किती भरायचं? हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवायचा का? आणि ही बॅटरी गेली आहे का? दुकानदार न बघताच "बदलून टाका" म्हणतोय.

राऊवाला (रविवार, रात्री १०.०५)

बॅटरी गेलेली नाही, पाणी कमी झालं होतं एवढंच. आता भरलंय ना, चोवीस तास चार्ज होऊ द्या. सुधारेल.

आणि पाण्यासाठी दर वेळी कॅन कशाला आणायची? घरच्या आरओचं पाणी चालतं. नर्मदेचं पाणी मुळात चांगलं आहे, आरओतून निघाल्यावर टीडीएस ३०-४० येतो. बोअरिंगचं मात्र थेंबभरही घालू नका.

गच्चीवरचा सोलर (रविवार, रात्री १०.२०)

माझ्याकडे सीलबंद बॅटरी आहे. तिच्यावर झाकणंच नाहीत, मग पाणी कुठून भरायचं? वरची पट्टी उचकटायची का?

जुना वायरमन (रविवार, रात्री ११.१०)

सोलरवाले दादा, पट्टीला हात लावू नका. सीलबंदमध्ये पाणी भरायचंच नसतं. तुमचा विषय वेगळा आहे, त्याचा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

सुदामानगरवासी, तुमच्या पोस्टमध्ये कामाची गोष्ट एकच आहे: तिसऱ्या सेलला दुपटीच्या जवळपास पाणी लागलं. बाकीचं नंतर बघू.

हिरवा दिवा फक्त व्होल्टेजकडे बघतो. टर्मिनलवर ठरलेला व्होल्टेज आला की इन्व्हर्टर समजतो बॅटरी भरली. आत सहा सेल आहेत, त्यातले पाच ठणठणीत आणि एक लंगडा असला तरी दिवा हिरवाच राहतो. पाण्याच्या निर्देशकावरूनही चार्ज कळत नाही, फक्त पातळी कळते. शिवाय ते कधीकधी मळाने अडकतात आणि रिकाम्या सेलवर "फुल" दाखवतात. बोटाने हलकेच खाली दाबून सोडा, उसळी मारून वर आला तर खरा.

चार्ज बघायचा तर ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारा हायड्रोमीटर घ्या. महाराणी रोडवर मिळेल. पण आज रीडिंग घेऊ नका. नुकतं भरलेलं पाणी हलकं असतं, ते वरच तरंगतं आणि ग्रॅव्हिटी खोटी कमी येते. निदान एक दिवस चार्जिंग होऊ द्या. चार्जच्या शेवटी बुडबुडे येतात, त्यांनी पाणी खालच्या ॲसिडमध्ये मिसळतं. मंगळवारी रीडिंग घ्या आणि सहाही आकडे इथे टाका.

पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा. आधी बॅटरी पूर्ण चार्ज, मग हायड्रोमीटर, मग पाणी. चार्ज होताना पातळी चढते. उतरलेल्या बॅटरीत खुणेपर्यंत भरलं की चार्जच्या शेवटी ॲसिड झाकणातून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घालायचं, चार्ज करायचं आणि उरलेलं नंतर.

मेधा टिळकनगर (सोमवार, सकाळी ७.३०)

राऊवाले दादा, आरओबद्दल असहमत. बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेलं सगळं आतच राहतं. दर टॉप-अपला थोडं थोडं साचत जातं आणि बाहेर पडायला वाट नाही. त्यातलं लोह आणि क्लोराइड हे दोन खास वाईट. लोहामुळे बॅटरी नुसती उभी असतानाही आपोआप उतरते, क्लोराइडमुळे पॉझिटिव्ह प्लेटचा कणा झिजतो. टीडीएस पेन घरी असेल तर विकतच्या कॅनमध्ये बुडवून बघा, आकडा शून्य-एक-दोनच्या पुढे जाता कामा नये. तीसचा आकडा पिण्याच्या पाण्याला उत्तम आहे, बॅटरीला नाही.

एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही अनेक जण घालतात. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून धूळ घेऊन येतं. तेही नको.

राऊवाला (सोमवार, सकाळी ८.१५)

मेधाताई, हिशेब केला तर वर्षाला पाच लिटर पाण्यातून गेले किती क्षार? लिटरला चाळीस मिलिग्रॅम धरले तर सगळे मिळून २०० मिलिग्रॅम, तेही सहा सेलांत वाटून. एवढ्याने काय बिघडतं? आमच्याकडे पाच वर्षं आरओवरच चालली.

मेधा टिळकनगर (सोमवार, सकाळी ८.४०)

बेरीज बरोबर आहे तुमची. पण त्या २०० मिलिग्रॅममध्ये काय आहे ते टीडीएस पेन सांगत नाही. कॅल्शियम असेल तर फारसा त्रास नाही, लोह असेल तर थोडंसुद्धा पुरतं. तुमची पाच वर्षं चालली, ती कदाचित सातही चालली असती. पाच लिटरच्या कॅनला जे पैसे पडतात त्यापुढे बॅटरीची किंमत बघा आणि ठरवा.

कॅनमधून ओतायला प्लास्टिकचं नरसाळं घ्या. स्टीलचं किंवा पितळेचं नको.

रामबागी (सोमवार, दुपारी १.००)

पाण्याऐवजी थोडं ॲसिड घातलं तर? आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, ग्रॅव्हिटी वाढते आणि बॅकअपही वाढतो.

जुना वायरमन (सोमवार, दुपारी २.३५)

आकडा वाढतो, चार्ज वाढत नाही. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड प्लेटांत जाऊन बसतं, चार्ज झाली की परत पाण्यात येतं. प्लेटांत अडकलेलं ॲसिड बाहेर काढायचं सोडून वरून नवं ओतलं, तर पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी मर्यादेबाहेर जाते आणि प्लेटा लवकर खराब होतात. महिनाभर बरं वाटतं, मग बॅटरी एकदम बसते. टॉप-अपला ॲसिड कधीच नाही.

सुदामानगरवासी (सोमवार, रात्री ९.१५)

हायड्रोमीटर आणला. त्यावर लाल, पांढरा, हिरवा असे पट्टे आहेत. घाई करून एक सेल बघितला, तर पांढऱ्यात आला. म्हणजे अर्धाच चार्ज?

जुना वायरमन (सोमवार, रात्री १०.००)

पट्टे विसरा. ते गाडीच्या बॅटरीच्या हिशेबाने असतात, तिची भरलेली ग्रॅव्हिटी जास्त असते. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरला बहुतेक वेळा बाराशे चाळीसच्या आसपास "फुल" असतं. तुमच्या बॅटरीच्या लेबलवर किंवा वॉरंटी कार्डावर आकडा छापलेला असेल, तोच धरा. भरलेली ट्युब्युलर पट्ट्यावर अर्धी दिसते आणि चांगल्या बॅटरीला लोक भंगारात देतात.

रीडिंग असं घ्या. इन्व्हर्टरच्या पुढच्या बटणाने बंद केल्याने चार्जिंग थांबत नाही. बायपास असेल तर घर बायपासवर टाका आणि इन्व्हर्टरचा मेन प्लग काढा. दोन-तीन तास बॅटरी शांत राहू द्या. मग रबरी फुगा दाबून नळी सेलमध्ये घाला आणि हळू सोडा. आतला काचेचा तरंगणारा भाग मोकळा उठेल एवढंच ॲसिड घ्या. तो काचेच्या भिंतीला चिकटला तर हलकी टिचकी मारा. डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडा वाचा आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा, दुसऱ्यात नाही. नंबर पॉझिटिव्हकडून एक ते सहा असेच लिहा.

डोळ्याला चष्मा, अंगावर जुने कपडे. सुती कपड्यावर थेंब पडला की आज काही दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. अंगावर पडलं तर भरपूर पाण्याने धुवा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ उदबत्ती-समई नको. चार्जच्या शेवटी हायड्रोजन निघतो.

सुदामानगरवासी (मंगळवार, संध्याकाळी ७.५०)

वायरमनकाका, सांगितलं तसंच केलं. अडीच तास शांत ठेवल्यावर:

पहिला १२१५, दुसरा १२१०, तिसरा ११६५, चौथा १२१५, पाचवा १२१०, सहावा १२०५.

मल्टिमीटरवर पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज १२.२६. लेबलवर "फुल" म्हणून १२४० छापलंय. खोलीत ३७ अंश होते.

मेधा टिळकनगर (मंगळवार, रात्री ८.३०)

आकडे एकमेकांना जुळतात, म्हणजे रीडिंग नीट घेतलंय. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवलं की त्या सेलचा शांत व्होल्टेज जवळपास येतो. पहिला १.२१५ अधिक ०.८४ म्हणजे २.०५, तिसरा १.१६५ अधिक ०.८४ म्हणजे २.०० च्या किंचित वर. सहाही मिळवा, १२.२६ येतो. मल्टिमीटरही तेच सांगतोय. पण एकट्या मल्टिमीटरने तिसरा सेल दिसलाच नसता. नुसते १२.२६ बघून "अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली आहे" एवढंच म्हटलं असतं.

तापमानाची दुरुस्ती: २७ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण सात मिळवायचे. म्हणजे १२१० हे खरं १२१७. तरी १२४० पेक्षा खालीच.

जुना वायरमन (मंगळवार, रात्री ९.४५)

दोन वेगळे आजार आहेत, ते मिसळू नका. एक, सगळीच बॅटरी अर्धवट चार्ज होते. दोन, तिसरा सेल बाकीच्यांपेक्षा चाळीस-पन्नासने खाली आहे. सेलांमध्ये तीसपेक्षा जास्त फरक दिसला की लक्ष द्यायला हवं.

पहिल्यासाठी ते टर्मिनल बघा. तुमचा लोड तीन पंख्यांचे २२५ आणि ट्यूबचे ८० धरून ३०५ वॉट. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, म्हणून बॅटरीतून ३० अँपिअरच्या आसपास करंट निघतो. लाइट गेल्यावर, पंखे चालू असताना मल्टिमीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरं टोक केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, म्हणजे लगवर टेकवा. चांगल्या जोडावर ०.०२-०.०३ व्होल्टच्या वर जायला नको. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हीकडे बघा. साफ करण्याआधी बघा, म्हणजे फरक कळेल.

राऊवाला (मंगळवार, रात्री १०.१०)

तिसरा सेल शॉर्ट झालाय, सरळ आहे. तळाशी गाळ साचून प्लेटा भिडल्या असतील. आता त्याचं काही होत नाही, बॅटरी बदला.

मेधा टिळकनगर (मंगळवार, रात्री १०.५०)

शॉर्ट सेलची खूण अशी असते की चार्जच्या शेवटी बाकीचे पाच उकळल्यासारखे बुडबुडतात आणि तो मुकाट राहतो. बुडबुडे नाहीत म्हणजे पाणी उडत नाही, म्हणजे शॉर्ट सेलला पाणी कमी लागतं. इथे तिसऱ्याला सगळ्यात जास्त लागलंय. उलट लक्षण आहे.

आणखी एक बघा. सहा सेल एकामागून एक जोडलेले, सगळ्यांतून करंट एकच जातो. बुडबुड्यांवर गेलेल्या एका अँपिअर-तासाला एका सेलमधून साधारण एक-तृतीयांश मिली पाणी जातं. पाच सेलांचे ४०० मिली म्हणजे सात महिन्यांत १२०० अँपिअर-तास, दिवसाला सहाच्या आसपास. उन्हाळ्यातल्या चालू बॅटरीला हे वावगं नाही. पण तोच करंट तिसऱ्यातूनही गेला. मग वरचे ३५० मिली कुठे गेले? ते बहुतेक उडाले नाहीत, बाहेर पडले असावेत.

जुना वायरमन (मंगळवार, रात्री ११.१५)

मेधाताईंनी नेमकं धरलं. आणि बाहेर पडलं ते नुसतं पाणी नसतं, ॲसिडसकट पडतं. पाणी उडालं तर ॲसिड आत राहतं, पाणी भरलं की ग्रॅव्हिटी जागेवर येते. ॲसिड सांडलं आणि तिथे पाणी भरलं तर ग्रॅव्हिटी कायमची उतरते. तिसऱ्याची लक्षणं तीच दिसतात.

सुदामानगरवासी, तिसऱ्या सेलच्या खाली ट्रॉलीवर, भिंतीवर पांढरे डाग आहेत का? बॅटरीच्या अंगावर ओघळ? आणि मागच्या वेळी पाणी कोणी, किती भरलं होतं?

सुदामानगरवासी (बुधवार, सकाळी ८.००)

आहेत. तिसऱ्या झाकणापासून खाली सुकलेला ओघळ आहे आणि ट्रॉलीचा रंग तिथेच फुगून पापुद्रे निघाले आहेत. मागच्या वेळी सगळे सेल गळ्यापर्यंत भरले होते, जास्त दिवस पुरेल म्हणून. तिसरं झाकण सैलही आहे, त्याची रबरी चकती नाही.

रात्री तासभर लाइट गेली तेव्हा मोजलं. निगेटिव्हवर ०.०२. पॉझिटिव्हवर ०.२४!

जुना वायरमन (बुधवार, सकाळी ९.२०)

३० अँपिअरला ०.२४ म्हणजे त्या एका जोडावर सात वॉट उष्णता. हात लावला असता तर गरम लागला असता. वर त्याचा त्रास दुहेरी आहे. लाइट गेल्यावर बॅटरीत दम असतानाच इन्व्हर्टरला व्होल्टेज पाव व्होल्ट कमी दिसतो आणि पिपाणी लवकर वाजते. चार्ज होताना उलटं, इन्व्हर्टरला व्होल्टेज जास्त दिसतो आणि तो लवकर हात आखडता घेतो.

साफसफाई अशी करा. इन्व्हर्टर बंद, मेन प्लग बाहेर. सगळी झाकणं घट्ट लावा आणि तिसऱ्यावर ओलं फडकं दाबून ठेवा, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मरतं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने लग आणि खांब घासा. फेस येईल. फेस यायचा थांबला की ॲसिड संपलं. साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडं करा. लगची आणि खांबाची टेकणारी बाजू बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा.

जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह लावताना चट् करून ठिणगी पडेल, ती इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची, घाबरू नका. पण म्हणूनच झाकणं बंद आणि खिडक्या उघड्या हव्यात. शिसं मऊ असतं, फार जोर लावून कसू नका. व्हॅसलीन सगळं कसून झाल्यावर वरून लावायची, मधे नाही.

राऊवाला (बुधवार, सकाळी १०.००)

आधी निगेटिव्हचा नियम गाडीसाठी आहे, तिथे बॉडी अर्थ असते. इन्व्हर्टरला क्रमाने काय फरक पडतो?

जुना वायरमन (बुधवार, सकाळी १०.३०)

तुमचं म्हणणं अर्धं खरं. इथे बॉडी निगेटिव्हला असेलच असं नाही. पण काही इन्व्हर्टरांत असते, आणि लोखंडी ट्रॉली, भिंतीतला अर्थ, पाना हे सगळं हाताशीच असतं. कोणत्या घरी काय आहे हे बघत बसण्यापेक्षा एकच क्रम हाताला लावून घ्यावा.

सुदामानगरवासी (बुधवार, रात्री ८.२०)

झालं. पॉझिटिव्हचा बोल्ट खोलल्यावर एक गोष्ट दिसली: लोखंडी वॉशर लग आणि खांबाच्या मधे होता. गंजून काळा-हिरवा, एका बाजूने निम्मा खाल्लेला. वॉशर बोल्टच्या डोक्याखाली घेतला, लग थेट शिशावर टेकवली. बोल्ट-नटही नवे घातले. पुन्हा मोजलं, ०.०२.

जुना वायरमन (बुधवार, रात्री ९.००)

बुरशीचं मूळ तिथेच होतं. करंट लोखंडी वॉशरमधून जात होता, त्यात तिसऱ्या झाकणातून येणारे ॲसिडचे बाष्पकण. निळं दिसतं ते केबलच्या तांब्याचं, पांढरं शिशाचं.

आता झाकणाला रबरी चकती बसवा. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीच्या प्रकाराचं बटण असेल, ते ट्युब्युलरवर आहे ना बघा. फ्लॅट प्लेटवर असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज कमी राहतो आणि ट्युब्युलर कधी पूर्ण भरत नाही. मग चार-पाच दिवस वापर हलका ठेवा. रविवारी तासातासाने तीन वेळा रीडिंग घ्या. तिन्ही वेळा आकडा हलला नाही तर बॅटरी जितकी भरायची तितकी भरली.

गच्चीवरचा सोलर (बुधवार, रात्री ९.३०)

वॉशरचं वाचून माझ्याकडचं बघितलं. तिथेही मधेच आहे. बॅटरी सीलबंद असली तरी हे लागू आहे ना?

जुना वायरमन (बुधवार, रात्री ९.४०)

तंतोतंत. जोडाला सीलबंद-उघडी काही नसतं.

सुदामानगरवासी (रविवार, संध्याकाळी ६.३०)

बटण फ्लॅटवरच होतं, ट्युब्युलरवर केलं. आजची तिन्ही रीडिंग सारखी: १२४०, १२३५, तिसरा ११९५, चौथा १२४०, १२३५, १२३५. शांत व्होल्टेज १२.४२. चार्जच्या शेवटी तिसऱ्यातही बुडबुडे येत होते. काल त्याच लोडवर दोन तास पंचवीस मिनिटं निघाली.

मेधा टिळकनगर (रविवार, संध्याकाळी ७.१५)

पाच सेल जागेवर आले. तिसरा बुडबुडतोय म्हणजे शॉर्ट नाही. ११६५ वरून ११९५, म्हणजे तीस गुण अडकलेला चार्ज होता तो परत आला. उरलेले चाळीस-पंचेचाळीस बहुधा ट्रॉलीवर सांडलेलं ॲसिड.

रामबागी (रविवार, रात्री ८.००)

मग आता तरी तिसऱ्यात थोडं ॲसिड घालायला हरकत नसावी? सांडलं तेवढंच परत.

जुना वायरमन (रविवार, रात्री ८.५०)

हा एकच प्रसंग आहे जिथे तुमच्या प्रश्नाला सरळ नाही म्हणता येत नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर, आकडा स्थिर झाल्यावर, सांडल्याची खात्री असेल तर सेलमधलं थोडं पाणी काढून योग्य ग्रॅव्हिटीचं ॲसिड घालून जुळवतात. पण ते बॅटरीच्या दुकानात, मोजून. घरी बाटलीतून ओतायचं नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी कार्ड बघा, बाहेर ॲसिड घातलं की दावा जातो.

माझं मत विचाराल तर न घालता वापरा. तिसरा सेल थोडा लवकर थकेल, तीन-साडेतीन तासांऐवजी अडीच मिळतील.

मेधा टिळकनगर (रविवार, रात्री ९.१०)

मी जुळवून घेतलं असतं. कमी ॲसिडचा सेल प्रत्येक वेळी बाकीच्यांआधी तळाला जातो आणि खोल उतरत राहिला की तोच आधी मरतो. साडेतीन वर्षांच्या बॅटरीत अजून आयुष्य आहे.

जुना वायरमन (रविवार, रात्री ९.२५)

मुद्दा खरा आहे. पण वय वाढलेल्या बॅटरीत त्या पंचेचाळीसांतले किती सांडलेले आणि किती प्लेटांत कायमचे बसलेले, हे बाहेरून सांगता येत नाही. चुकून दुसऱ्या प्रकारावर ॲसिड घातलं तर नुकसान. पुढच्या महिन्यात रीडिंग बघू, मग ठरवा.

सुदामानगरवासी (रविवार, रात्री ९.४०)

तोवर तसंच ठेवतो. आणि पहिला प्रश्न राहिला: पाणी किती दिवसांनी?

जुना वायरमन (रविवार, रात्री १०.००)

मार्च ते जून महिन्यातून एकदा बघायचं, बाकीच्या दिवसांत दोन महिन्यांनी. बघायचं, भरायचंच असं नाही. निर्देशक खालच्या खुणेकडे झुकला तरच, चार्ज झाल्यावर, दोन खुणांच्या मधे वरच्या अंगाला येईल एवढंच. प्रत्येक सेलला किती मिली लागलं ते बॅटरीवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसकट लिहा. तिसऱ्याचा आकडा पुन्हा बाकीच्यांहून वेगळा आला तर चकती बसूनही कुठून तरी गळतंय. मग झाकण नाही, कवचाची चीर शोधायची.

सुदामानगरवासी (रविवार, रात्री १०.१५)

कागद चिकटवला. पहिली ओळ: ४००, ४००, ७५०, ४००, ४००, ४००.